पूर्ण फी एकदाच, एका कागदावर सांगा: खासगी महाविद्यालयांना खुले पत्र

प्रति,
खासगी महाविद्यालयांचे संचालक, प्राचार्य आणि फी विभागातले सहकारी,

सप्रेम नमस्कार.

मी बरीच वर्षं एका खासगी महाविद्यालयाच्या फी विभागात काम केलं. आता निवृत्त आहे. प्रवेशाच्या दिवसांत, ज्यांच्या घरातून पहिल्यांदाच कुणी कॉलेजला निघालं आहे अशा मुलामुलींबरोबर बसते आणि त्यांच्या हातातली शुल्कपत्रकं ओळ न् ओळ वाचते. काउंटरच्या दोन्ही बाजूंना बसून झालं आहे, म्हणून हे पत्र थेट तुम्हाला लिहिते आहे.

ज्या घरात आई, वडील किंवा थोरलं भावंड कॉलेजात शिकलेलं असतं, त्या घरातल्या मुलाला काही गोष्टी न विचारता ठाऊक असतात. शिक्षणशुल्क ही एकूण फीतली एक ओळ आहे, परीक्षेची फी वेगळी लागते, अनामत परत मागावी लागते, दुसऱ्या वर्षी आकडा वाढतो. पहिल्या पिढीच्या विद्यार्थ्याला हे सांगणारं कुणी नसतं. त्याला बेरीज उत्तम येते. पण बेरजेत काय काय धरायचं, हे त्याला तुमच्या कागदावरूनच कळायला हवं, आणि तुमचा कागद ते सांगत नाही. तो काउंटरवर विचारतो, "फी किती?" तुम्ही शिक्षणशुल्काचा आकडा सांगता. उत्तर खरं असतं, पण तो त्यावर चार वर्षांचं नियोजन करून मोकळा होतो.

एक उदाहरण पूर्ण मांडते. चार वर्षांचा अभ्यासक्रम, घरातली शिकणारी पहिलीच मुलगी. रकमा देत नाही, कारण त्या प्रत्येक ठिकाणी वेगळ्या असतात. तिचं वर्षाचं शिक्षणशुल्क १०० धरते आणि बाकी सगळं त्या मापात सांगते. वाचणाऱ्याने आपल्या कागदावरचा आकडा घालून पाहावा.

माहितीपुस्तिकेत ठळक अक्षरात छापलं होतं: वार्षिक शुल्क १००. घरच्यांनी गुणाकार केला, चार वर्षांचे ४००. निम्मी तजवीज साठवलेल्या पैशांतून आणि उरलेलं काम करत करत, असं ठरलं. प्रवेशाच्या दिवशी जे देयक हातात पडलं ते १३५चं होतं. वडील पहिल्यांदा म्हणाले, "काहीतरी चुकलंय, साहेब." चुकलं काहीच नव्हतं. शिक्षणशुल्क १००, विकास शुल्क १०, दोन सत्रांची परीक्षा फी मिळून ६, प्रयोगशाळा, ग्रंथालय आणि संगणक मिळून ६, प्रशिक्षण आणि नोकरी सहाय्य ४, विमा, ओळखपत्र आणि उपक्रम २, नोंदणी २, अनामत ५. बेरीज बरोबर १३५.

यातली एकही ओळ बेकायदा किंवा लपवलेली आहे असं मी म्हणत नाही. माहितीपुस्तिकेच्या शेवटच्या पानांत "इतर शुल्क नियमानुसार लागू" असं एक वाक्य होतं. तुमच्या दृष्टीने ते पुरेसं असतं. पण ज्याला "इतर"मध्ये काय येतं हेच माहीत नाही, त्याच्यासाठी ते वाक्य म्हणजे कोरी जागा आहे. लपवलेला खर्च म्हणून ज्याची तक्रार होते, तो बहुतेक वेळा असाच असतो: कुठेतरी लिहिलेला, पण आकड्याशिवाय, आणि पैसे ठरवायच्या वेळी समोर नसलेला.

त्या देयकावर आम्ही दोघी पेन्सिल घेऊन बसलो. प्रत्येक ओळीपुढे तीन खुणा करायला मी तिला सांगितलं. हे एकदाच भरायचं की दरवर्षी की दर सत्राला? हे सक्तीचं की ऐच्छिक? हे परत मिळणार का, आणि कधी? तिला आठपैकी तीन ओळींचीच उत्तरं देता आली. उरलेली घ्यायला ती तुमच्यासारख्याच एका फी विभागात गेली, तेव्हा दोन कर्मचाऱ्यांनी दोन उत्तरं दिली. परीक्षा फी वर्षाची आहे असं एकजण म्हणाले, सत्राची आहे असं दुसरे. शेवटी गेल्या वर्षीच्या एका विद्यार्थ्याच्या पावतीवरून ती सत्राला ३, म्हणजे वर्षाला ६ असल्याचं नक्की झालं. जे कर्मचाऱ्यांनाच एकमताने सांगता येत नाही, ते विद्यार्थ्याने कसं ओळखावं?

ऐच्छिक ओळींबद्दल थोडं थांबून लिहिते. प्रशिक्षण आणि नोकरी सहाय्याचे ४ हे ऐच्छिक होते. पण ऑनलाइन अर्जात त्या चौकटीत आधीपासून बरोबरची खूण होती आणि देयकात ती रक्कम इतरांसारखीच छापून आली होती. ही सेवा अंतिम वर्षाच्या विद्यार्थ्यांसाठी होती. पहिल्या वर्षापासून ती घेण्याचं तिला काहीच कारण नव्हतं. असंच बस, वसतिगृहातलं जेवण, ब्लेझर, टॅब यांचं असतं. ज्याच्या घरी कुणी कॉलेजात गेलेलं नाही, तो मुलगा छापून आलेली रक्कम कमी करून मागायला कधीच धजणार नाही. त्याला वाटतं, हे नाकारलं तर प्रवेशच जाईल. म्हणून माझी पहिली विनंती अगदी लहान आहे: ऐच्छिक चौकट रिकामी ठेवा. ज्याला हवं असेल तो स्वतः खूण करील.

आता चार वर्षांचा हिशेब. नोंदणी आणि अनामत मिळून ७ हे एकदाचे. ते काढले तर दरवर्षी १२८ उरतात. पण शिक्षणशुल्क तेवढंच राहत नाही. शुल्कपत्रकाच्या तळटीपेत "वार्षिक ८ टक्क्यांपर्यंत वाढ" असं होतं. ती पूर्ण लागू झाली तर शिक्षणशुल्क दुसऱ्या वर्षी १०८, तिसऱ्या वर्षी साधारण ११७, चौथ्या वर्षी १२६ होतं. चार वर्षांचे मिळून सुमारे ४५१. इतर २८ कायम राहिले असं उदारपणे धरलं तरी चार वर्षांचे ११२. त्यात सुरुवातीचे ७. शेवटच्या वर्षी प्रकल्प, पदवीदान आणि पदवी प्रमाणपत्र यांचे आणखी ६. एकूण सुमारे ५७६. अनामत परत मिळाली तर ५७१.

घरच्यांनी धरले होते ४००. खरे निघाले ५७१. फरक पावणेदोन वर्षांच्या शिक्षणशुल्काएवढा आहे. हा फरक पहिल्या दिवशी कळला तर घर त्याची तजवीज करतं, शिष्यवृत्ती शोधतं, कमी खर्चाचा दुसरा अभ्यासक्रम निवडतं किंवा एखादं वर्ष थांबतं. तिसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला कळला तर मुलीपुढे शिक्षण सोडणं किंवा मिळेल त्या व्याजाने पैसे उचलणं, एवढंच उरतं. तोवर तुमच्याकडे अडीचशेहून जास्त भरून झालेले असतात, म्हणून सोडणंही सोपं नसतं.

शुल्कमाफीचा आकडाही याच कारणाने फसवा वाटतो. "२० टक्के सवलत" असं पत्र आलं की घरात आनंद होतो. ती सवलत शिक्षणशुल्कावर असते, म्हणजे १३५मधले २०, म्हणजे प्रत्यक्षात १५ टक्क्यांच्या आत. शिवाय ती पुढच्या वर्षी चालू ठेवायला किती गुण लागतात, एका विषयात राहिलं तर काय होतं, हे त्या पत्रात नसतं. ते त्याच पत्रात, त्याच आकाराच्या अक्षरात लिहा.

आता हप्त्यांकडे येते, कारण सगळ्यांत जास्त नुकसान तिथे होताना मी पाहिलं आहे.

त्या मुलीपुढे दोन पर्याय ठेवले होते. शिक्षणशुल्क एकरकमी भरलं तर ३ची सवलत, म्हणजे ९७. हप्त्यांनी भरायचं तर २५चे चार हप्ते, पहिला प्रवेशाच्या दिवशी, पुढचे दोन-दोन महिन्यांनी, आणि त्यावर प्रक्रिया शुल्क २, तेही पहिल्या दिवशी. जाहिरातीत मोठ्या अक्षरात "बिनव्याजी सुलभ हप्ते". मुलीने विचारलं, "मॅडम, व्याज नाहीच आहे ना, मग हप्तेच घेऊ ना?"

मी तिच्याकडून हिशेब करून घेतला. आज रोख भरलं तर किंमत ९७ आहे. हप्ते घेतले तर आज २७ जातात, २५ आणि २. म्हणजे कॉलेजने तिला प्रत्यक्षात ७० उधार दिले. त्या ७० बदल्यात ती दोन, चार आणि सहा महिन्यांनी २५-२५-२५, एकूण ७५ परत देणार. ५ जास्त. ५ म्हणजे फार नाही असं वाटतं, कारण आपण त्याची तुलना १००शी करतो. पण ७० सहा महिने तिच्याकडे राहत नाहीत. पहिले दोन महिने ७० तिच्याकडे असतात, पुढचे दोन महिने साधारण ४७, शेवटचे दोन महिने साधारण २४. महिन्यांनी गुणून बेरीज केली तर २८२ होते. २८२वर ५, म्हणजे महिन्याला पावणेदोन टक्क्यांहून किंचित जास्त. वर्षाला सुमारे २१ टक्के.

जाहिरातीत व्याज शून्य आहे, कारण व्याजाला दुसरी दोन नावं दिली आहेत: एका बाजूला हुकलेली सवलत, दुसऱ्या बाजूला प्रक्रिया शुल्क. मुलीच्या मामांना कमी दराने कर्ज मिळत होतं. बँकेचं शैक्षणिक कर्ज हाही पर्याय होता. या दोन्हींशी तुलना करायची तर हप्त्यांचा दर समोर हवा होता, आणि तो कुठेच नव्हता. हप्ते घेऊ नयेत असं मी कुणाला सांगत नाही. ज्या घरात पैसा दर महिन्याला थोडा थोडा येतो, तिथे हप्ते हाच एकमेव मार्ग असू शकतो, आणि ते देणारं कॉलेज चांगलंच काम करतं. पण त्याची किंमत सांगून द्या. "एकरकमी ९७, हप्त्यांनी १०२" एवढं एक वाक्य छापायला जागा लागत नाही.

तारखांचंही तसंच. पहिला हप्ता प्रवेशाच्या दिवशी म्हणजे त्या दिवशी भरायचे ६२: शिक्षणशुल्काचे २५, प्रक्रिया शुल्क २ आणि बाकीच्या सगळ्या ओळींचे ३५. कारण हप्ते फक्त शिक्षणशुल्काला होते, इतर शुल्क एकदमच भरायचं होतं. मुलगी २५ची तयारी करून आली होती. ही गोष्ट जवळजवळ दरवर्षी कुणा ना कुणाबाबत घडते. हप्त्यांचं वेळापत्रक छापता तेव्हा त्यात शिक्षणशुल्काचेच नव्हे तर त्या तारखेला खिशातून जाणारे सगळे पैसे लिहा. परीक्षा फी वेगळी घेत असाल तर तिची तारीखही त्यातच घाला, कारण ती नेमकी हप्त्याच्या आठवड्यात येते.

दुसरा एक मुलगा. त्याची गोष्ट मला फार लागली, आणि हिशेबाच्या दृष्टीने ती प्रत्येक फी विभागाने पाहण्यासारखी आहे. त्याचेही २५चे चार हप्ते होते. उशीर झाला तर दिवसाला ०.१ दंड, कमाल मर्यादा नाही. दुसऱ्या हप्त्याच्या वेळी वडील आजारी होते, त्याला तीस दिवस उशीर झाला. त्याने २५ भरले, पावती घेतली, आणि ती गोष्ट संपली असं समजला. तिसरा आणि चौथा हप्ता त्याने अगदी ठरल्या तारखेला भरला. परीक्षेच्या आधी, चौथा हप्ता भरला त्याच दिवशी प्रवेशपत्र मागायला गेला तर १२ थकबाकी दाखवली गेली.

हे कसं झालं? तीस दिवसांचा दंड ३ होता. त्याने भरलेल्या २५मधून सॉफ्टवेअरने आधी दंडाचे ३ कापून घेतले. शिक्षणशुल्काला २२च लागले, ३ बाकी राहिले. आणि बाकी शून्य नसेल तर दंड रोज ०.१ने चालूच राहतो, मग बाकी २५ असो की ३. तिसऱ्या हप्त्याच्या तारखेपर्यंत आणखी तीस दिवस झाले, आणखी ३ दंड. त्या दिवशी भरलेल्या २५मधून ३ दंडात गेले, ३ जुन्या बाकीत, आणि तिसऱ्या हप्त्याला १९ लागले. आता बाकी ६. पुढचे साठ दिवस पुन्हा दंड, ६. चौथ्या हप्त्याच्या २५मधून ६ दंडात, ६ जुन्या बाकीत, आणि १३ चौथ्या हप्त्याला. बाकी १२. मुलाने एकूण १०० वेळेवर-अवेळी भरले होते, त्यातले १२ दंडात गेले आणि १२ शिक्षणशुल्क अजून देणं होतं. उशीर झाला होता एकदाच, तीस दिवस.

त्याच्याकडे चारही पावत्या होत्या, प्रत्येकीवर २५ लिहिलेले. पावती सांगते की तुम्ही किती दिले. ते कशाकशात जमा झाले हे खातेउताऱ्यात असतं, आणि खातेउतारा मागायचा असतो हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. ज्या दिवशी तो उशिरा २५ भरायला आला, त्या दिवशी काउंटरवरच्या माणसाने "आज खातं शून्य व्हायला २८ लागतील" एवढं म्हटलं असतं, तर सगळं प्रकरण ३वर मिटलं असतं. मी अशा मुलांना आता एकच प्रश्न पाठ करून देते: "आजच्या तारखेला माझं एकूण देणं किती, खातं शून्य होण्यासाठी?" पण हा प्रश्न विचारण्याची जबाबदारी मुलावर टाकण्यापेक्षा तुमच्या सॉफ्टवेअरमधला क्रम बदलणं सोपं आहे. जमा झालेली रक्कम आधी मूळ शुल्कात, मग दंडात, असा क्रम ठेवता येतो. दंड थकलेल्या रकमेच्या प्रमाणात ठेवता येतो आणि त्याला कमाल मर्यादा घालता येते. बाकी राहिली की त्याच दिवशी मेसेज जाऊ शकतो. हा दंड वेळेत पैसे यावेत म्हणून आहे. चौथा हप्ता वेळेत भरणाऱ्याकडून तो वसूल होत असेल तर तो त्या कामाचा उरला नाही.

आणि थकबाकीसाठी परीक्षेचं प्रवेशपत्र अडवणं. मी स्वतः त्या खिडकीमागे बसले आहे, म्हणून वसुलीची अडचण मला कळते. पण परीक्षेच्या आदल्या दिवशी ज्या १२साठी मुलगा दारोदार फिरतो, त्यासाठी तो कोणत्या दराने पैसे उचलतो ते तुम्हाला दिसत नाही. पेपर बुडाला तर सत्र बुडतं, आणि पुढच्या वर्षी त्याची फीही तुम्हाला मिळत नाही. मुदतवाढ द्यायचा अधिकार तुमच्यापैकी कुणाकडे तरी असतोच. तो कुणाकडे आहे, अर्ज कोणत्या तारखेपर्यंत करायचा, सोबत काय जोडायचं, हे शुल्कपत्रकावर लिहा. आज ही सवलत ज्यांना विचारायचं धाडस आहे आणि कुणाकडे जायचं हे माहीत आहे, त्यांनाच मिळते. आणि मुदतवाढ दिली तर ती कागदावर द्या. "बघू, भरा नंतर" हे तोंडी आश्वासन खातेउताऱ्याला कळत नाही, दंड सुरूच राहतो.

हप्त्यांमधली एक गोष्ट याहूनही जास्त काळजीची आहे. बऱ्याच ठिकाणी "कॉलेजचे हप्ते" म्हणून जे दिलं जातं, ते प्रत्यक्षात एखाद्या वित्त कंपनीचं कर्ज असतं. कंपनी कॉलेजला वर्षाचे पैसे सुरुवातीलाच देते आणि विद्यार्थी किंवा पालक कंपनीला हप्ते भरतात. काउंटर तोच, माणूस तोच, फॉर्मवर कॉलेजचं बोधचिन्ह. पण सही होते ती कर्जाच्या करारावर. हे ओळखायच्या खुणा आहेत: करारात कर्जदार, सहकर्जदार हे शब्द येतात, पालकांचा उत्पन्नाचा पुरावा आणि बँकेचा उतारा मागितला जातो, खात्यातून आपोआप पैसे कापायची परवानगी घेतली जाते, आणि हप्ते जमा होतात ते खातं कॉलेजच्या नावाचं नसतं.

याने फरक काय पडतो? कॉलेजकडे हप्ता थकला तर तुम्ही समोर बसून बोलता. कर्जाचा हप्ता थकला तर बँक हप्ता परतल्याचा आकार लावते, कंपनी वेगळा दंड लावते, आणि ती नोंद पालकांच्या कर्ज इतिहासात जाते. सगळ्यांत वाईट म्हणजे मुलाने दुसऱ्या महिन्यात प्रवेश रद्द केला तरी कर्ज रद्द होत नाही. तुम्ही परताव्याच्या नियमाप्रमाणे जे काही परत कराल ते आधी कंपनीकडे जातं, आणि कमी पडलेली रक्कम घरच्यांनी भरायची असते. शिक्षण सुटलं, कर्ज राहिलं. एका वडिलांनी मला करार दाखवून विचारलं होतं, "पोरगं तर जातच नाही तिकडे आता, मग हे पैसे कसले कापतायत?" त्यांनी सही करताना त्यांना कुणीही कर्ज हा शब्द उच्चारून सांगितला नव्हता.

तुम्ही अशी व्यवस्था ठेवली असेल तर ती बंद करा असा माझा आग्रह नाही. पण कागदाच्या वर पहिल्याच ओळीत लिहा की हे कर्ज आहे, कुणाचं आहे, वर्षाचा व्याजदर सगळे आकार धरून किती आहे, आणि प्रवेश रद्द झाला तर काय होईल. हे समजावून सांगायचं काम कंपनीच्या प्रतिनिधीवर सोडू नका, कारण त्याला कर्ज द्यायचं आहे.

परताव्याबद्दल थोडक्यात. प्रवेश रद्द केला तर किती परत मिळतं हे तारखेवर ठरतं, आणि ती तारीख म्हणजे मुलगा शेवटचा वर्गात बसला तो दिवस नसून त्याचा लेखी अर्ज तुमच्याकडे पोचला तो दिवस. पहिल्या पिढीची मुलं नुसती यायची बंद होतात. ती अर्ज करत नाहीत, कारण अर्ज करायचा असतो हे त्यांना ठाऊक नसतं. वर्ग सुरू झाल्यावर पंधरा दिवस सलग न आलेल्या विद्यार्थ्याला एक फोन करून हे सांगता येईल. अनामतही तशीच. ती मागितल्याशिवाय मिळत नाही आणि मूळ पावती मागितली जाते, जी चार वर्षं कुणाकडेच टिकत नाही. निकालानंतर ती थेट खात्यात जमा करायला तुम्हाला काहीच अडचण नसावी.

एवढं सगळं एका पानात मावतं. मी ते करून पाहिलं आहे. त्या मुलीसाठी आम्ही जो कागद तयार केला, त्यात वर चार वर्षांची एकूण रक्कम होती, वाढ धरून. खाली आठही ओळी आणि प्रत्येकीपुढे तीन खुणा. मग तारखांचा तक्ता, प्रत्येक तारखेला खिशातून जाणारी पूर्ण रक्कम. त्याखाली दंडाचा दर, मुदतवाढ कुणाकडे मागायची ते, आणि परताव्याच्या तारखा. हे तिने स्वतःच्या अक्षरात लिहिलं आणि माहिती गोळा करायला तिला बरेच दिवस फेऱ्या माराव्या लागल्या. तुमच्या संगणकात हे सगळं आधीच आहे.

म्हणून माझी मागणी अशी: पहिला पैसा घेण्याआधी, प्रत्येक विद्यार्थ्याच्या हातात असं एक पान द्या, त्याला समजणाऱ्या भाषेत, फी विभागाच्या सही-शिक्क्यासह. त्यावर लिहिलेलं नाही असं कोणतंही शुल्क त्या वर्षात मागू नका. आणि ते पान घरी नेऊन विचार करायला निदान दोन दिवस द्या, जागा राखून ठेवून. "आज भरलं नाही तर सीट जाईल" हे वाक्य ऐकल्यावर कुणीही तळटीपा वाचत नाही.

पान तयार झालं की ते छापण्याआधी कुणातरी बाहेरच्या माणसाला वाचायला द्या, ज्याच्या घरात कुणी कॉलेजला गेलेलं नाही अशाला. त्याला पाच प्रश्न विचारा. पहिल्या दिवशी किती पैसे घेऊन यायचं? चार वर्षांत एकूण किती जातील? यातलं काय नको म्हणता येईल? हप्ते घेतले तर किती जास्त जातील, आणि ते कुणाला द्यायचे? एखादा हप्ता चुकला तर कुणाला भेटायचं? पाचही उत्तरं त्याने कुणालाही न विचारता दिली तर ते पान छापायला द्या. एखादं अडलं तर ती ओळ पुन्हा लिहा आणि दुसऱ्या कुणाला दाखवा. हे काम पुढच्या प्रवेशांची माहितीपुस्तिका छापखान्यात जाण्याआधी व्हावं, आणि त्यात माझी मदत लागली तर मी कोणत्याही कॉलेजात येऊन बसायला तयार आहे.

आपली विश्वासू,
फी विभागातली एक निवृत्त कर्मचारी